नाव सापडलं, तरी खात्री कशाची?

पायथनमध्ये काम करणारे प्रोग्रॅमर सगळं मुळापासून लिहीत बसत नाहीत. इतरांनी लिहून ठेवलेली पॅकेजेस ते PyPI या खुल्या कोठारातून एका ओळीच्या आज्ञेने उतरवून घेतात. ती ओळ हल्ली बरेच जण एआय चॅटबॉटलाच विचारतात. २०२३ च्या सुमारास बार लान्याडो या सुरक्षा-संशोधकाला दिसलं, की चॅटबॉट वारंवार ही ओळ सुचवतात:

```
pip install huggingface-cli
```

या नावाचं पॅकेज तेव्हा नव्हतंच. खरं पॅकेज huggingface_hub. ते बसवल्यावर जी आज्ञा तेव्हा वापरता येत असे, तिचं नाव huggingface-cli होतं. चॅटबॉट शब्दांची संभाव्य जुळणी करतो, कोठारात डोकावून पाहतोच असं नाही. म्हणून आज्ञेचं नाव पॅकेजला चिकटलं. लान्याडो यांनी त्याच नावाचं रिकामं, निरुपद्रवी पॅकेज कोठारात ठेवलं. तीन महिन्यांत ते ३०,००० हून अधिक वेळा उतरवलं गेलं. अलिबाबाच्या एका प्रकल्पाच्या सूचनांमध्येही तीच चुकीची ओळ होती.

हेच पॅकेज एखाद्या चोराने ठेवलं असतं तर? PyPI वर कुणालाही मोकळं नाव घेता येतं, आणि पॅकेज बसवतानाच त्यातला कोड चालू शकतो. यंत्र तेच खोटं नाव पुन्हा पुन्हा देतं, त्यामुळे चोराला फक्त वाट पाहायची असते.

म्हणूनच ‘शोधलं, सापडलं’ एवढ्याने भागत नाही. तपासणी उलट्या टोकाने करावी. आधी मूळ प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तिथे बसवण्याची कोणती ओळ दिली आहे ते पाहावं आणि तीच वापरावी. अशी ओळ मिळाली नाही, तर PyPI वरच्या पानावर पॅकेज पहिल्यांदा कधी आलं ते बघावं. मोठ्या नावाचं पॅकेज काही आठवड्यांपूर्वीच आलेलं असेल, तर थांबावं. मूळ कोडचा दुवा दिसला तरी तो पडताळलेला आहे का, हे त्याच पानावर वाचावं. पॅकेज टाकणारा तिथे दुसऱ्याच्या नामांकित प्रकल्पाचा दुवाही देऊ शकतो.

पुस्तकांचंही असंच. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळी वाचनाची यादी आली. तिच्यातल्या १५ पैकी १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक मात्र खरे, इसाबेल अलेंदेंसारखे नामवंत. लेखक ओळखीचा, म्हणून शंकाच येत नाही. अशा वेळी लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या यादीत ते शीर्षक आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

दुव्यातही संकेतस्थळाचं नाव खरं आणि पुढचा पत्ता रचलेला असू शकतो. पान उघडलं नाही, तर web.archive.org वर त्याची जुनी प्रत शोधावी; तिथे नसणं हा पक्का पुरावा नव्हे, पण संशयाला जागा नक्की आहे. आणि पान उघडलं, तर ज्या विधानासाठी दुवा दिला ते विधान त्या पानावर खरंच आहे का, हे वाचूनच ठरवावं.