क्लिक ते उजेड : विलंब मोजायचा कसा?

मागच्या भागात आपण माउसच्या बटणापासून स्क्रीनवरच्या उजेडापर्यंतची वाट पाहिली. आता ती मोजू. साधन फोनचंच, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा स्लो मोशन कॅमेरा. प्रत्येक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची.

आधी कॅमेऱ्याचीच परीक्षा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर फ्रेमला बदलणारं चित्र चालवून त्याचं चित्रण करा. ठरलेल्या एका जागी प्रत्येक चित्र बरोबर चार फ्रेम टिकलं पाहिजे. तसं नसेल तर फोन फ्रेम गाळतोय किंवा मधल्या फ्रेम स्वतः रचतोय. ९६० फ्रेमचा दावा करणारे काही फोन नेमकं हेच करतात.

मग माउस आणि स्क्रीन एकाच चौकटीत घ्या. बोट बटणावर आदळल्याची फ्रेम आणि स्क्रीन बदलल्याची पहिली फ्रेम यांतलं अंतर मोजा. व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पुढे सरकता येतं. स्क्रीनवरची जागा मात्र बदलू नका. चित्र वरून खाली रंगत जातं, त्यामुळे ६० हर्ट्झवर तळाची ओळ वरच्या ओळीपेक्षा जवळजवळ चार फ्रेम उशिरा उजळते.

समजा, व्ही-सिंक चालू असताना वीस क्लिकांची सरासरी २४ फ्रेम आली, म्हणजे १०० मिलिसेकंद. ते बंद केल्यावर १४, म्हणजे ५८. यातल्या १०० वर मी फारसा विश्वास ठेवणार नाही, कारण बटणाचा संपर्क नेमका कधी झाला हे बोटाकडे पाहून कळत नाही. (हौशी मंडळी त्यासाठी माउसच्या स्विचला एलईडी जोडतात.) पण ही चूक दोन्ही मोजण्यांत साधारण सारखीच असते, म्हणून ४२ चा फरक भरवशाचा. तो येतो कुठून? व्ही-सिंकमुळे तयार फ्रेम स्क्रीनच्या पुढच्या ठोक्यासाठी रांगेत थांबतात, आणि रांगेतली प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद वाढवते.

वीस क्लिक कशाला, एक का नाही? क्लिक कधी ठोक्याच्या जरा आधी पडते, कधी नुकताच ठोका हुकवते. एवढ्यानेच निकाल चार फ्रेम इकडेतिकडे होतो. एकेका क्लिकचे व्हिडिओ शेजारी ठेवून ‘बघा, किती फरक!’ म्हणणाऱ्यांना बहुधा हा योगायोगच दिसलेला असतो.

आता माउसचा पोलिंग रेट १२५ वरून १००० हर्ट्झ करा. सरासरी फायदा सुमारे साडेतीन मिलिसेकंदांचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका फ्रेमपेक्षाही कमी. क्लिका विखुरलेल्या असल्यामुळे सरासरीत तो उमटू शकतो, पण वीस पुरत नाहीत. शंभरेक लागतात, आणि तेवढ्या फ्रेम हाताने मोजणं म्हणजे शिक्षाच. इथे एनव्हिडियाच्या एलडॅटसारखं उपकरण कामी येतं. त्याचा प्रकाशसंवेदक स्क्रीनवर बसतो, ते स्वतःच क्लिक करतं आणि उजेड बदलेपर्यंतचा वेळ नोंदवतं. मात्र संवेदक हलला, तर आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका. दोन्ही सेटिंग पुन्हा मोजा.