लावणीचं शूटिंग आणि पावसाचा बेत

भातलावणीची फिल्म उन्हाळ्यात होत नाही, ती भर पावसातच करावी लागते. मागच्या आषाढात आम्ही चौघींनी चारसूत्री लावणीची छोटी फिल्म केली. एक मोबाईल, एक स्टँड आणि एक माईक, एवढंच सामान. पहिला दिवस वाया गेला. खाचरातलं काम आधी टिपलं, त्यात सगळ्या भिजल्या. मग पडवीत बोलणं घ्यायला गेलो, तर पत्र्यावरच्या पावसात आवाजच ऐकू येईना. परतताना ओढ्याची फरशी पाण्याखाली गेलेली, दीड तास अडकलो.

मग आम्ही बसून बेत केला. फिल्ममधल्या कामांच्या तीन याद्या केल्या. रोपं मोजणं, खताच्या गोळ्या दाखवणं ही छपराखालची कामं. ओळीनं लावणी, इरलं घेतलेल्या बाया ही भुरभुरीत चालणारी कामं. चार चुडांच्या मधोमध गोळी चिखलात दाबणं याला मात्र उघडीपच हवी, कारण खाचरात पाणी साठलं की हात दिसत नाही. म्हणून उघडीप मिळाली की हातातलं काम सोडून आधी तेच टिपायचं. नाहीच मिळाली, तर घमेल्यात चिखल भरून पडवीत दाखवायचं. कोरड्या कपड्यांतली कामं नेहमी आधी. बोलणं कौलारू घरात, तेही सर थांबल्यावर.

मोबाईल पारदर्शक पिशवीत ठेवला, पण भिंग उघडं राहील एवढं भोक पाडून कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. थेंब पडले की पडदा आपोआप दाबला जातो, म्हणून शूटिंग सुरू-बंद करायला आवाजाचं बटण वापरलं. चित्र धुरकट दिसलं तर भिंगावर बाष्प आलंय असं समजावं, सुती कापडानं पुसावं. भिजलेला मोबाईल चार्जिंगला लावू नये.

जायचं की नाही, हे आदल्या रात्री आणि सकाळी सहाला हवामान खात्याचा इशारा बघून ठरवलं. नारिंगी किंवा लाल असेल तर जायचंच नाही. पिवळा असेल तर फक्त घराजवळची कामं. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खाचर सोडून पक्क्या घरात जायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीची वाट. आपल्याकडे उघडीप असली तरी वर डोंगरात कोसळत असेल, तर ओढा चढतो. म्हणून एकीला शूटिंगचं काम दिलंच नाही. तिनं फरशीजवळच्या दगडावर खडूनं खूण केली आणि दर अर्ध्या तासानं लांबूनच पाहिली. पाणी खुणेकडे चढू लागलं किंवा गढूळ झालं, की तिनं "चला" म्हणायचं आणि बाकीच्यांनी वाद न घालता सामान उचलायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं साडेअकरालाच हाक दिली. दोन कामं राहिली होती. तरी आम्ही निघालो. ती दोन्ही घमेल्यातल्या चिखलात झाली, आणि फिल्ममध्ये सगळ्यात नीट तीच दिसतात.