एक ‘म्हणून’, तीन उत्तरं

भाच्याच्या वहीत मागच्या महिन्यात एक लाल फुली पाहिली. प्रश्न नेहमीचाच होता : वाक्याचा प्रकार ओळखा आणि उभयान्वयी अव्यय सांगा. वाक्य होतं, ‘चांगले गुण मिळावेत म्हणून ती पहाटे उठते.’ त्यानं लिहिलं होतं, ‘संयुक्त; म्हणून.’ अव्यय बरोबर, प्रकार चुकीचा. ‘आदल्याच प्रश्नात ‘म्हणून’ होतं आणि तिथे संयुक्त बरोबर आलं, मग इथे का नाही?’ हा त्याचा सवाल. सवाल रास्त होता.

आदलं वाक्य होतं, ‘पाऊस आला म्हणून सामना थांबला.’ इथे दोन घटना घडून गेल्या आहेत, पहिलीचा परिणाम दुसरी. दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी आहेत, म्हणून व्याकरण इथल्या ‘म्हणून’ला परिणामबोधक म्हणतं आणि वाक्याला संयुक्त. गुणांच्या वाक्यात मात्र ‘चांगले गुण मिळावेत’ ही घडलेली गोष्ट नाही, ती मनातली इच्छा आहे. मुख्य विधान एकच, ‘ती पहाटे उठते’. बाकीचं त्याचा हेतू सांगायला आलेलं. हा उद्देशबोधक ‘म्हणून’, आणि वाक्य मिश्र.

भाच्याला मी दोन खुणा सांगितल्या. ‘म्हणून’च्या आधीचं क्रियापद बघ. ते ‘मिळावेत’, ‘यावा’, ‘व्हावं’ अशा रूपात असेल तर बहुधा हेतू आहे. शंका राहिली तर ‘म्हणून’ काढून ‘त्यामुळे’ घालून बघ. ‘पाऊस आला, त्यामुळे सामना थांबला’ खटकत नाही. ‘चांगले गुण मिळावेत, त्यामुळे ती पहाटे उठते’ असं कुणी बोलत नाही.

तिसरं उत्तर ‘तो शाळेत शिपाई म्हणून काम करतो’ या वाक्यात आहे. इथे ‘म्हणून’ दिसलं की मुलं दोन वाक्यं शोधू लागतात, पण क्रियापद एकच आहे, ‘करतो’. वाक्य केवल. म्हणजे अव्यय बघून प्रकार ठरवायची सवयच दगा देते. आधी पूर्ण झालेली क्रियापदं मोजायची, मग जोडणारा शब्द शोधायचा.

‘पूर्ण झालेली’ हा शब्द महत्त्वाचा. आपला पाऊसच पुन्हा घेऊ. ‘पाऊस आल्यामुळे सामना थांबला’ : अर्थ तोच, पण ‘आल्यामुळे’नं वाक्य पुरं होत नाही, म्हणून हे केवल वाक्य. ‘पाऊस आला आणि सामना थांबला’ : संयुक्त. ‘सामना थांबला, कारण पाऊस आला’ : मिश्र, कारण ‘कारण’च्या पुढचं वाक्य आधीच्या विधानाचा खुलासा करायला आलंय. गंमत अशी की ‘म्हणून’नं जोडलं तर संयुक्त आणि ‘कारण’नं जोडलं तर मिश्र, घटना मात्र तीच. मला ही वाटणी थोडी कृत्रिम वाटते. पण प्रश्नपत्रिकेत तिच्याप्रमाणेच गुण मिळतात, आणि वाटणी घटनेची नाही, मांडणीची आहे हे कळलं की ती डोक्यात बसते.

‘की’चीही हीच कथा. ‘तू येतोस की मी जाऊ?’ यातला ‘की’ विकल्प देतो, वाक्य संयुक्त. ‘तो म्हणाला की मी येणार नाही’ यातला ‘की’ काय म्हणाला ते सांगतो. तो स्वरूपबोधक, वाक्य मिश्र.

वहीतला शेवटचा प्रश्न भाच्यानं कोरा सोडला होता : ‘तो येईल असं मला वाटतं.’ प्रकार त्याला कळला होता. ‘तो येईल’ हे वाटण्याचं स्वरूप, म्हणून मिश्र. पण अव्यय सापडेना, कारण वाक्यात ‘की’ नाही. त्याचं काम ‘असं’नं केलंय. बोलताना आपण बरेचदा असंच बोलतो, ‘मला वाटतं की तो येईल’ हे काहीसं पुस्तकी वाटतं. ‘जेव्हा पाऊस आला तेव्हा सामना थांबला’ यातही तोच पेच. ते मिश्र आहे, पण जोडणी ‘जेव्हा–तेव्हा’ या संबंधी क्रियाविशेषणांची. ‘जो मागेल त्याला मिळेल’ यात ती सर्वनामांची. उभयान्वयी अव्यय सांगा म्हटलं की प्रत्येक वाक्यात ते असलंच पाहिजे असं मुलांना वाटतं आणि मग ती ‘मला’पासून ‘तो’पर्यंत काहीही अधोरेखित करतात.

प्रश्न काढणाऱ्यांना एक विनंती : अशी वाक्यं द्यायची असतील तर प्रश्नात ‘उभयान्वयी अव्यय असल्यास सांगा’ एवढं लिहा. त्या ‘असल्यास’नं भाच्याचा अर्धा गुण वाचला असता.