बाही साधी की आधीची?

इचलकरंजीतल्या एका गल्लीत मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. वय एकसष्ट. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आपणही त्यांना गिऱ्हाइकांसारखं मास्तरच म्हणू. दुकानात दोन मशिनी, एक पिकोची, भिंतीला टांगलेले नमुन्याचे ब्लाऊज आणि हाताखाली एक कारागीर पोरगा. गेली चार-पाच वर्षं इथे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागत होती. गळा किती खोल, अस्तर घालायचं का, कधी न्यायला येऊ, सगळंच. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं: "आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच ऐकू येत होतं. वयानं किंवा गोंगाटानं कमी होणारं ऐकणं सगळ्या आवाजांना सारखं कमी होत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातल्या स्वरांचा, म्हणजे आ, ओ, ऊ यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, त, ठ अशा व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीतल्या दुबळ्या आवाजावर चालते. 'स'चा बहुतेक आवाज तर चार हजार हर्ट्झच्या वरचाच. त्यामुळे माणूस बोलतंय हे कळतं, आवाज पुरेसा मोठा वाटतो, पण शब्दाच्या कडा गळून पडलेल्या असतात. 'काठ' आणि 'पाठ' यांत फरक उरत नाही, आणि ब्लाऊज शिवणाऱ्याला हे दोन्ही शब्द दिवसातून वीसदा ऐकावे लागतात.

मग इतकी वर्षं निभलं कसं? एक तर माप ते स्वतः घेत, टेपवरचा आकडा डोळ्यांनी वाचत. मापात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरं म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांच्या सवयी त्यांना पाठ होत्या. बाई दारात आली की तिचा गळा, तिची बाही डोक्यात तयार असे. उरलेलं ओठांच्या हालचालीवरून भरून निघे, तेही नकळत. हे उघडं पडलं करोनात. गिऱ्हाइकं मास्क लावून यायला लागली आणि मास्तरांचं "आं?" एकदम वाढलं. मास्क गेले, "आं?" राहिलं.

घरात आणखी एक गंमत चाले. हळू बोललं की ऐकू येत नाही, म्हणून मुलगा आवाज चढवी, की मास्तर भडकत, "ओरडतोस कशाला? बहिरा आहे काय मी?" या प्रकारच्या ऐकण्यात हे नेहमी दिसतं. हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी जास्तच टोचतो. दोन्हींच्या मधली जागा आखडलेली असते. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात, 'स' आणि 'ठ' तिथेच राहतात. घरच्यांना वाटतं, हवं तेव्हा बरं ऐकू येतं यांना. निम्मी भांडणं यातूनच होतात.

निमित्त घडलं ते एका इरकली साडीच्या ब्लाऊजचं. मास्तर मान खाली घालून, ओठांत टाचण्या धरून काम करत होते आणि बाई पाठीमागून म्हणाल्या, "बाही साधीच ठेवा." मास्तरांनी ऐकलं, "बाही आधीचीच ठेवा." आधीची बाही फुग्याची होती, तशीच शिवली. तशी चूक सुधारण्यासारखी. फुग्याला कापड जास्तच लागतं, उसवून साधी बाही निघते. पण रेशमावर सुईची भोकं दिसत राहतात. बाई रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी कापड मास्तरांसमोर ठेवलं आणि सूचना मात्र कारागीर पोराकडे वळून दिल्या. तीस वर्षांचं गिऱ्हाईक आपल्याच दुकानात आपल्याला ओलांडून बोलतं, हे मास्तरांना लागलं. त्या रात्री त्यांनी मुलाला स्वतःहून सांगितलं, "बघ कुठं कान तपासतात ते."

तरी मनात मळाची आशा होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं पाहिलं तर उजव्या कानात खरंच मळ होता. तो काढला. मास्तरांना वाटलं, काम झालं. पण पडदा दोन्हीकडे चांगला दिसत असूनही तक्रार तीच राहिली, तेव्हा डॉक्टरांनी ऑडिओमेट्री लिहून दिली. तपासणीचा हा क्रम बरोबर आहे. कान मळानं भरलेला असताना केलेली श्रवणचाचणी मळाचीच चाचणी ठरू शकते. घरी तेल घालून किंवा काडी फिरवून तो काढायला जाऊ नये. काडीनं मळ बहुधा आत ढकलला जातो.

चाचणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टबाई तरुण होत्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काका, काल-परवा कुठे मोठ्या आवाजात होता का? मिरवणूक, डीजे?" मोठ्या गोंगाटानंतर कान काही तास, कधी दिवसभर बधिर राहतो आणि आलेख खोटाच वाईट निघतो. त्यामुळे आदली रात्र शांततेत गेलेली बरी. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ही चाचणी करू नये. दुसरा प्रश्न होता, "शिलाईच्या आधी काय करत होता?" मास्तर म्हणाले, "यंत्रमागावर होतो. अकरा वर्षं." इचलकरंजीत हे उत्तर नवलाचं नाही. मास्तर दोष देत होते शिलाई मशीनला. पण पायाच्या किंवा घरगुती मोटरच्या मशीनपेक्षा यंत्रमागाच्या शेडमधला खडखडाट कितीतरी वरचा. तिथे नव्वद डेसिबलच्या पुढचा आवाज ही रोजची गोष्ट आणि कानात बोळा घालणारा माणूस विरळा.

आवाज अडवणाऱ्या लहानशा खोलीत त्यांना बसवलं. हेडफोनची लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या. हातात एक बटण. सूचना एवढीच, की बारीकातला बारीक 'टीं' ऐकू आला, नक्की वाटलं नाही तरी, बटण दाबायचं. खुर्ची मुद्दाम तिरकी ठेवतात, कारण माणसं तपासणाऱ्याच्या हाताकडे बघून उत्तर देतात. मास्तरांनीही मान वळवून पाहिलंच. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं आणि कुणालाच नापास व्हायचं नसतं.

सुरुवात हजार हर्ट्झपासून होते. आवाज ऐकू आला की दहा डेसिबलनं कमी करायचा, पुन्हा आला की आणखी दहानं. ऐकू येणं थांबलं की पाच-पाचनं वाढवत परत यायचं. अशा वर-खाली फेऱ्यांत निदान निम्म्या वेळा ज्या पातळीला बटण दाबलं जातं, ती त्या पट्टीची उंबरठा-पातळी. मग दोन हजार, चार हजार, आठ हजार, नंतर खाली पाचशे आणि अडीचशे. मास्तर मध्येच भराभर बटण दाबायला लागले, आवाज दिलेलाच नसताना. त्यांच्या कानात बारीक शीळ सतत वाजत असते आणि ते तिलाच उत्तर देत होते. बाईंनी सलग सुराऐवजी तुटक-तुटक ठोके असलेला सूर लावला, तेव्हा घोळ मिटला. चार हजारावर उलटं झालं. बराच वेळ शांतता. मास्तरांनी हेडफोन उचलून विचारलं, "मशीन बंद पडलं काय?" मशीन चालू होतं. तेव्हा आवाज साठ डेसिबलपर्यंत चढवलेला होता.

मग कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन देणारं यंत्र टेकवून हीच चाचणी पुन्हा झाली. हाडातून जाणारा आवाज पडदा आणि मधल्या कानाची वाट टाळून सरळ आतल्या कानाला पोचतो. हाडावरून चांगलं आणि हेडफोनमधून वाईट ऐकू आलं, तर अडथळा वाटेत आहे. पडद्याला भोक, मागे पाणी असं काही. दोन्हींचे आकडे जुळले तर बिघाड आतल्या कानात. मास्तरांचे आकडे जुळले.

उजव्या कानाचा आलेख असा निघाला: पाचशे हर्ट्झला २० डेसिबल, हजारला २५, दोन हजारला ४०, चार हजारला ६५ आणि आठ हजारला थोडा सावरून ५५. डावा कान साधारण पाचनं वाईट. या कागदावर आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी, आणि शून्य म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. चार हजारावरची ती खाच गोंगाटानं झालेल्या इजेची नेहमीची खूण. मात्र एकसष्टाव्या वर्षी वयाचा वाटाही तिच्यात मिसळलेला असतो आणि किती मागाचा, किती वयाचा, हे एकटा आलेख सांगू शकत नाही. पाचशे, हजार, दोन हजार आणि चार हजार यांची सरासरी उजव्या कानाला ३७.५ भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ३५ ते ५० म्हणजे मध्यम. जुन्या पद्धतीनं पहिल्या तीनच पट्ट्या धरल्या असत्या तर सरासरी २८ आली असती आणि कुणीही म्हणालं असतं, फारसं काही नाही. 'स' जिथे हरवला ती पट्टी त्या हिशेबात येतच नाही.

मुलानं सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला, "किती टक्के बहिरेपण?" डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. टक्क्यांत उत्तर येतं ते शब्दांच्या चाचणीत. आरामात ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात पंचवीस सुटे शब्द ऐकवले, मास्तरांनी एकवीस बरोबर म्हटले: ८४ टक्के. ही चांगली बातमी होती. आवाज पुरेसा पोचला तर त्यांचा कान शब्द अजून ओळखतो, म्हणजे श्रवणयंत्राचा उपयोग होईल. हाच आकडा पन्नासच्या खाली असता तर यंत्रानं आवाज वाढला असता, अर्थ फारसा वाढला नसता. अपंगत्वाच्या दाखल्याचंही मुलानं विचारून घेतलं. २०१६ च्या कायद्यात त्याची मर्यादा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते. मास्तर त्यात बसत नाहीत.

औषध यावर नाही, आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मात्र सावकाश, दोन्ही कानांत सारख्या उतरत गेलेल्या ऐकण्याची ही गोष्ट झाली. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एक कान गेला, तर ते वेगळं दुखणं आहे. तिथे उपचाराला उपयोग होण्याचे दिवस मोजके असतात, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाईंनी यंत्र कानाला लावून दाखवलं. शांत खोलीत मास्तरांना सगळं स्वच्छ ऐकू आलं, कागदाची चुरचुरसुद्धा. मुलगा खूश, पैसे काढायला निघाला. मास्तर मात्र थांबले. आयुष्यभर लोकांना ट्रायल देणारा माणूस तो. म्हणाले, "इथं बसतंय हो. दुकानात बसलं पाहिजे." बाईंनाही ते पटलं. गोंगाटात बोलणं वेगळं काढणं ही श्रवणयंत्राची सगळ्यात दुबळी बाजू आणि शांत खोलीत ती कळत नाही. दोन आठवडे वापरून बघायला यंत्र मिळालं. मास्तरांनी ते लग्नसराईतच मागून घेतलं. दोन्ही मशिनी चालू, पंखा चालू आणि एका वेळी तीन बायका बोलतात, असा दिवस तेव्हाच मिळतो. पहिल्या दिवशी कात्रीचा आवाज सहन होईना म्हणून त्यांनी यंत्र काढून गल्ल्यात ठेवलं. पाचव्या दिवशी आवाजाची बांधणी बदलून घेतली, दुपारभर लावून ठेवलं आणि आपली खुर्ची फिरवून गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. ट्रायलचे नऊ दिवस अजून बाकी आहेत.