पाणी अडतं कुठे?

दिवाळीच्या साफसफाईत पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं असं सगळं एकदम मशीनमध्ये जातं आणि नेमकं तेव्हाच ते अडतं. मशीनच्या डिस्प्लेवर बारा मिनिटं शिल्लक दिसतात, आत गढूळ पाणी तसंच उभं असतं आणि थोड्या वेळाने अक्षरं उमटतात. एलजीच्या मशीनवर OE, सॅमसंगच्या मशीनवर 5E किंवा 5C. या सर्वांचा अर्थ एकच: ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही.

मशीन मध्येच थांबतं, त्यामागे एक साधी शिस्त असते. टबमध्ये किती पाणी आहे हे दाबाच्या सेन्सरवरून कळतं. टबच्या तळाजवळून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दबते आणि तो दाब सेन्सर ओळखतो. टब रिकामा झाल्याचा निरोप मिळाल्याशिवाय मशीन कपडे पिळायला घेत नाही. म्हणजे पिळणं थांबलं असलं, तरी बिघाड बहुतेक वेळा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर असतो.

ती वाट दोन प्रकारची असते आणि तपासणी इथूनच सुरू करावी. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतोच. तळाशी रबरी व्हॉल्व्ह असतो, ड्रेन मोटर तो ओढून उघडते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली वाहून जातं. अशा मशीनचा पाइप जमिनीलगत निघतो. पंपाच्या मशीनमध्ये तो वर उचलून अडकवलेला असतो. कानानेही फरक कळतो. पंप सतत घरघरतो, तर व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये हलकासा ‘टक्’ आवाज होऊन पाण्याचा लोट सुरू होतो.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. सात किलोचं, व्हॉल्व्हचं मशीन स्वयंपाकघरातून गॅलरीत हलवलं. पाइप अपुरा पडला म्हणून तुकडा जोडला. तो दाराच्या उंबऱ्यावरून चढून मोरीत उतरला आणि टोक मोरीच्या साचलेल्या पाण्यात बुडलं. त्यानंतर दर धुण्याला मशीन रखडू लागलं. घरच्यांनी आधी टबच्या आतली लिंट फिल्टरची जाळी धुतली. फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. ही जाळी धुताना फिरणाऱ्या पाण्यातले तंतू पकडते, पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर ती नसतेच. ती भरली तर कपड्यांवर तंतू राहतात, निचरा मात्र मंदावत नाही.

मग पाइप उंबऱ्याखालून सरळ नेला आणि टोक पाण्याबाहेर काढलं. धार वाढली, तरी हवी तेवढी नाही. पुढची परीक्षा निर्णायक असते. टबमधलं पाणी मगाने उपसून बादलीभरच ठेवायचं. प्लग काढून पाइप मशीनच्या तोंडापासून सोडवायचा आणि खाली पसरट भांडं ठेवायचं. मग ओल्या हाताने काही न करता प्लग लावून फक्त स्पिनचा प्रोग्राम सुरू करायचा, कारण त्यात आधी पाणी सोडलं जातं. तोंडातून जोरात लोट आला, तर दोष पाइपात. तिथेही बारीकच धार आली, तर दोष व्हॉल्व्हमध्ये. ‘टक्’ आवाजच आला नाही, तर ड्रेन मोटर किंवा तिच्या वायरिंगकडे बघावं लागतं आणि ते काम मेकॅनिकचं.

या मशीनमध्ये आवाज येत होता, धार मात्र बारीक होती. टब पूर्ण रिकामा करून, प्लग काढून व्हॉल्व्हचं झाकण उघडलं, तर रबराभोवती केसांचा आणि तंतूंचा लगदा गुंडाळलेला होता, त्यात एक सेफ्टी पिन. हे सगळं तिथवर पोचलं कसं? लिंटची जाळी एका कडेला फाटली होती. धुताना ती रिकामी दिसायची, म्हणून कोणाला शंका आली नाही. भरलेल्या जाळीपेक्षा नेहमी रिकामी राहणारी जाळी अधिक संशयास्पद समजावी. ती उजेडात धरून बघावी आणि फाटकी असेल तर शिवत न बसता नवी बसवावी. पिना आणि नाणी मात्र खिशातून निघून टबच्या कडेच्या फटीतून खाली जातात, त्यांना जाळी अडवू शकत नाही.

पंपाच्या मशीनमध्ये हीच पिन पंपाच्या पात्यात अडकते. मग पंप नुसता गुणगुणतो, पाणी हलत नाही. असा पंप बऱ्याचदा जळालेला नसतो, अडकलेला असतो.

पाणी पूर्ण गेलं, तरीही मशीन OE दाखवत असेल, तर वाट मोकळी आहे आणि सेन्सरची नळी साबणाच्या थराने बुजली असावी. फेसही अशीच फसगत करतो. हाताने धुण्याची पावडर टाकली, तर हे हमखास घडतं.

मेकॅनिकने मोटर किंवा पंप बदलायला सांगितलं, तर पैसे देण्याआधी व्हॉल्व्ह किंवा पंप आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगा.