हॉल ठरला, आता मेल पाठवा

लग्नाचा हॉल हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरतो. तारीख मोकळी आहे का, ताबा किती वाजता मिळेल, भाडं किती, हे कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी आठवडाभर थोडंथोडं बोलून पक्कं होतं. वाद होतो तो काही महिन्यांनी, सीमांतपूजनाच्या संध्याकाळी. पाहुणे दारात उभे असतात आणि आधीच्या कार्यातली मंडळी अजून खोल्या सोडत नसतात. तेव्हा मोबाइल उघडला की असं काहीतरी सापडतं:

‘शनिवारी ५ला ताबा मिळेल ना?’
‘आधीचं कार्य आहे. ६.३० होतील.’
‘जरा लवकर बघा.’
‘बघतो. ६ करू.’
‘खोल्या ४ ना? एसीसकट?’

यावर समोरून आलेला नुसता अंगठा. तो ६ वाजण्याला होता, ४ खोल्यांना होता की एसीला? दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ लावतात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

म्हणून बोलणं संपलं की त्याच दिवशी कार्यालयाला मेल करावा. संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडून भागत नाही. त्यात ५, ६.३० आणि ६ या तिन्ही वेळा तशाच राहतात. संभाषण शेवटाकडून वर वाचत जावं आणि प्रत्येक बाबीवरचा अखेरचा शब्द तेवढा उचलावा. जिथे स्पष्ट होकार मिळालेला नाही, ती बाब ठरलेल्या यादीत घालू नये. ‘बघतो’ हा होकार नव्हे. वरच्यासारख्या आठवडाभराच्या संभाषणातून मेल उतरतो तो असा:

‘विषय: रविवार, ७ फेब्रुवारी २०२७, लग्नकार्यासाठी हॉल आरक्षण

स. न. वि. वि.
व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार:

ठरलेल्या बाबी
१. हॉल वापरण्याची मुदत: रविवार, ७ फेब्रुवारी २०२७, संध्याकाळी ५ पर्यंत.
२. एकूण भाडं आणि भरलेली आगाऊ रक्कम: सोबतच्या पावतीप्रमाणे.

आपल्याकडून खुलासा हवा
१. ताबा शनिवार, ६ फेब्रुवारी २०२७ रोजी संध्याकाळी ६ वाजता नक्की मिळेल का?
२. खोल्या ४ धरल्या आहेत. एसीचा आकार भाड्यात आहे की वेगळा?
३. तारीख रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल?

कृपया उत्तर द्यावे आणि वरील बाबी मान्य असल्याचे कळवावे.’

वार आणि तारीख दोन्ही लिहिण्यामागे कारण आहे. एक चुकलं तर दुसरं ती चूक उघडी पाडतं. ‘आदल्या दिवशी’, ‘पुढच्या शनिवारी’ हे शब्द मेलमध्ये येऊ देऊ नयेत. रात्री १२ म्हणजे कुठल्या तारखेचे, हा घोळ टाळायला ११.५९ लिहावं. मेल व्यवस्थापकाच्या खासगी पत्त्यावर न पाठवता कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावा, कारण लग्न होईपर्यंत व्यवस्थापक बदललेला असू शकतो.

‘तीन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू’ असं वाक्य अनेकजण घालतात. त्यावर विसंबू नये. आपण एकतर्फी असं लिहिल्याने समोरच्याचं मौन होकार ठरत नाही. उत्तर आलं नाही तर फोन करावा आणि मेलवरच ‘मान्य’ एवढा शब्द मागून घ्यावा. तो येईपर्यंत मेल म्हणजे फक्त आपली बाजू.

कायद्याच्या दृष्टीने मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही इलेक्ट्रॉनिक नोंदीच आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते मेललाही चुकत नाही. मेलचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: त्यात अखेरचं ठरलेलं एकत्र असतं आणि पाठवलेला मजकूर पाठवणाऱ्यालाही नंतर बदलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो आणि आपोआप नाहीसे होणारे संदेश कोणी सुरू केले असतील तर २४ तासांत, ७ किंवा ९० दिवसांत ते जातातच. म्हणून मूळ संभाषणही ‘एक्स्पोर्ट चॅट’ वापरून स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवावं. ‘मान्य’वरून वाद निघालाच, तर ते कामी येतं.

पुढे बदल होणारच. ताबा ६ ऐवजी ७ला ठरला, तर नवा मेल सुरू न करता त्याच मेलला उत्तर द्यावं आणि ‘६ ऐवजी ७, बाकी बाबी कायम’ असं लिहून पुन्हा ‘मान्य’ घ्यावं. ‘बाकी बाबी कायम’ हे शब्द गाळले, तर एका वेळेच्या बदलातून भाडंही नव्याने ठरवायला घेतलं जातं.