रविवारी सेट, बुधवारी वह्या

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने आपल्या अभ्यासाच्या ग्रुपला पाठवलेला निरोप आधी वाचू.

‘मंडळी, परीक्षेला पाचच आठवडे उरलेत आणि आयगेन व्हॅल्यूजवर सगळ्यांचीच गाडी अडकली आहे. म्हणून सुचवतेय. दर रविवारी रात्री मी सहा गणितांचा एक सेट टाकेन. ज्याने त्याने एकट्याने सोडवायचा. बुधवारी रात्री नऊपर्यंत वहीचे फोटो टाका, तोवर उत्तरांबद्दल कुणी बोलायचं नाही. शनिवारी जेवणं झाली की तासभर बसू, पण फक्त चुकलेली गणितं घेऊ. पहिला आठवडा दोन बाय दोन. दुसरा तीन बाय तीन, तिन्ही उत्तरं वेगळी येणारी. तिसरा सिमेट्रिक. चौथा एकच उत्तर दोनदा येणारी. पाचवा सगळी सरमिसळ, प्रकार न सांगता. दर सेटमध्ये दोन गणितं मागच्या आठवड्यांची असतील. आणि प्रत्येक उत्तराखाली ताळा पाहिजे. ताळा नसेल तर गणित सोडवलं असं धरणार नाही. जमेल का, सांगा.’

अभ्यासाची वेळापत्रकं आपल्याकडे कमी नाहीत. पहाटे पाचला उठण्यापासून सुरू होणारी आणि तिसऱ्या दिवशी मोडणारी वेळापत्रकं तर प्रत्येकाने केली असतील. ही मुलगी वेळेबद्दल फार बोलत नाही. तिने ठरवला आहे तो गणितांचा क्रम, आणि ताळ्याची अट घातली आहे. या दोन गोष्टी तिला का सुचल्या असाव्यात हे कळायला आयगेन व्हॅल्यू म्हणजे काय ते थोडं पाहावं लागेल.

होस्टेलजवळ दोन मेस आहेत असं धरा. मिळून ३०० मुलं जेवतात. दर महिन्याला पहिल्या मेसची १० टक्के मुलं कंटाळून दुसरीकडे जातात आणि दुसरीची २० टक्के पहिलीकडे येतात. हा सगळा व्यवहार चार आकड्यांच्या एका चौकोनात मावतो. त्यालाच मॅट्रिक्स म्हणायचं.

```
०.९   ०.२
०.१   ०.८
```

वरची ओळ सांगते की पुढच्या महिन्यात पहिल्या मेसमध्ये तिची स्वतःची ०.९ पट आणि दुसरीची ०.२ पट मुलं असतील. सुरुवातीला पहिलीत १०० आणि दुसरीत २०० मुलं असली तर महिन्याभराने पहिलीत १३० होतील, मग १५१, मग जवळजवळ १६६. ही वाढ २०० कडे सरकते. २०० झाल्यावर पहिलीतून २० जातात आणि दुसरीच्या १०० मधून २० च येतात, म्हणजे आकडा हलत नाही. २०० आणि १०० ही जोडी या मॅट्रिक्समधून गेली तरी जशीच्या तशी राहते, म्हणजे १ पट होते. हा १ म्हणजे एक आयगेन व्हॅल्यू आणि ती जोडी तिचा आयगेन व्हेक्टर. आता २०० ला किती कमी पडतात ते पाहा: आधी १००, मग ७०, मग ४९. दर वेळी ०.७ पट. ही दुसरी आयगेन व्हॅल्यू. मेसचा सारा भविष्यकाळ या दोन आकड्यांत आहे: कुठे जाऊन थांबणार ते पहिला सांगतो, किती वेगाने ते दुसरा.

आता ताळा. कर्णावरच्या, म्हणजे डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणाऱ्या रेषेवरच्या आकड्यांची बेरीज ०.९ अधिक ०.८, म्हणजे १.७. आयगेन व्हॅल्यूंची बेरीजही १ अधिक ०.७, तेवढीच. ही बेरीज नेहमीच जुळते. तसाच दोघींचा गुणाकार डिटरमिनंटइतका येतो; इथे ०.७२ वजा ०.०२, म्हणजे ०.७. दोन्ही ताळे मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पहिल्याच आठवड्यात हे ताळे जी चूक पकडतात ती मुलं हमखास करतात. हे मॅट्रिक्स घ्या:

```
४   १
२   ३
```

याच्या आयगेन व्हॅल्यूज ५ आणि २. पण समीकरणं सोडवताना एका ओळीतून दुसरी वजा करण्याची सवय हाताला लागलेली असते. म्हणून मुलगा आधी खालच्या ओळीतून वरच्या ओळीची निम्मी वजा करतो, खाली ० आणि २.५ उरतात, आणि कर्णावरचे ४ आणि २.५ तो उत्तर म्हणून लिहितो. अशा वजाबाकीने डिटरमिनंट बदलत नाही, म्हणून गुणाकार १० च येतो आणि तो ताळा चूक सुखाने पास करतो. बेरीज मात्र ७ ऐवजी ६.५ येते. एकच ताळा करून थांबणाऱ्याला हे कळणार नाही, तेव्हा दोन्ही हवेतच.

चूक पुढे गेली तर तिची आणखी एक खूण आहे. आयगेन व्हॅल्यू खरी असेल तर व्हेक्टर काढताना समीकरणं एकमेकांवर अवलंबून निघतात, दोन ओळी एकाच गोष्टी सांगतात, आणि शून्याखेरीज उत्तर मिळतं. व्हॅल्यूच चुकलेली असेल तर शून्यच हाती लागतं. मग मुलं काय करतात? एक ओळ सोडून देतात आणि उरलेल्यातून ओढूनताणून व्हेक्टर काढतात. बुधवारच्या फोटोंत हे लगेच दिसेल, कारण खाली गुणाकार करून पाहिलेला नसतो. शेवटचा आणि सर्वांत पक्का ताळा तोच: मॅट्रिक्सने व्हेक्टरला गुणा आणि तो खरोखर तितकी पट होतो का ते बघा. ४, १, २, ३ च्या मॅट्रिक्सला (१, १) दिला की (५, ५) येतो. संपलं.

तिसरा आठवडा मला सर्वांत आवडला. सिमेट्रिक म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे असलेलं मॅट्रिक्स. आपल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं फिरणारं एक घेऊ:

```
 ८   -६    २
-६    ७   -४
 २   -४    ३
```

इथे एक घनसमीकरण मांडावं लागतं. त्याला लागणारे आकडे तीन: कर्णाची बेरीज १८, कर्णाला धरून बनणाऱ्या तीन छोट्या दोन बाय दोन चौकोनांच्या डिटरमिनंटांची बेरीज, म्हणजे २०, २० आणि ५ मिळून ४५, आणि पूर्ण डिटरमिनंट, जो इथे ० आहे. उत्तरं ०, ३ आणि १५. आता समजा पहिल्या छोट्या चौकोनात ५६ वजा ३६ करायचं ते कुणी ऋण चिन्हांच्या गोंधळात ५६ अधिक ३६ केलं. मधला आकडा ४५ ऐवजी ११७ झाला. उत्तरं येतात ०, ९ अधिक ६i आणि ९ वजा ६i. बेरीज करा: १८, बरोबर. गुणाकार: ०, तोही बरोबर. दोन्ही ताळे जुळले आणि उत्तर साफ चुकलं! हे कशाने कळेल? साध्या, वास्तव आकड्यांच्या सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूज कधीच काल्पनिक येत नाहीत. i दिसला की मागे फिरायचं. शिवाय वेगवेगळ्या व्हॅल्यूंचे व्हेक्टर इथे एकमेकांना काटकोनात असतात. खरे व्हेक्टर (१, २, २), (२, १, -२) आणि (२, -२, १). कुठलेही दोन घ्या, जागेला जागा गुणून बेरीज करा, शून्य येतं. सिमेट्रिकचा आठवडा वेगळा ठेवण्यात हाच फायदा आहे की हा ताळा डोक्यात बसतो.

चौथ्या आठवड्याची अडचण तर ताळ्यांनी सुटतच नाही. ही दोन पाहा:

```
२  ०        २  १
०  २        ०  २
```

दोघांचं समीकरण एकच, व्हॅल्यू २ दोनदा, बेरीज आणि गुणाकार तेच. पण पहिल्यात कुठलीही दिशा घेतली तरी ती दुप्पटच होते, म्हणून दोन स्वतंत्र व्हेक्टर मिळतात. दुसऱ्यात (१, ०) ही एकच दिशा टिकते. मुलं दुसऱ्या व्हेक्टरचा शोध घेत पानं भरतात, कारण दोन व्हॅल्यूंना दोन व्हेक्टर असणारच अशी त्यांची खात्री असते. ती खात्री मोडायला या दोन प्रकारची गणितं एकाच सेटमध्ये शेजारी शेजारी हवीत.

माझं या मुलीशी एका बाबतीत पटत नाही. सरमिसळ पाचव्या आठवड्यापर्यंत का थांबवायची? अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना फारशा माहीत नसलेल्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी गणितं एकदम सोडवली, काहींनी मिसळून. सराव करताना एकदम सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा मिसळणाऱ्यांची ६३ टक्के आणि एकदम सोडवणाऱ्यांची फक्त २०. वर ‘सिमेट्रिक’ असं लिहिलेलं असलं की कुठली युक्ती वापरायची हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. तिने दर सेटमध्ये मागची दोन गणितं ठेवली आहेत ही चांगली सुरुवात आहे. तिसऱ्या आठवड्यापासून ती तीन करावीत आणि प्रकार लिहू नये. तीन बाय तीनचं एक गणित हाताने, ताळ्यासकट, वीस-पंचवीस मिनिटं खातं. तेव्हा सहाऐवजी पाच गणितं दिली तरी पुरेत.

हेही सांगायला हवं की हा सगळा सराव छोट्या, आकडे जमवलेल्या मॅट्रिक्सपुरता आहे. हजार बाय हजारचं मॅट्रिक्स आलं तर समीकरण मांडून कुणी उत्तर काढत नाही. पाचव्या घातापासून पुढे तर सर्वसाधारण सूत्रच नाही. संगणक वापरतो ती क्यूआर पद्धत १९६१ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये जॉन फ्रान्सिस आणि सोव्हिएत रशियात व्हेरा कुब्लानोव्स्काया यांनी स्वतंत्रपणे शोधली.

आकडे जमवायचे कसे, हा प्रश्न दर रविवारी या मुलीसमोर येणार. त्याचं उत्तर गणित उलटं करण्यात आहे. आधी उत्तरं ठरवा: ५ आणि २. मग व्हेक्टर ठरवा: (१, १) आणि (१, २). हे दोन व्हेक्टर उभे मांडले की होणाऱ्या चौकोनाचा डिटरमिनंट १ यावा अशी निवड करायची, म्हणजे त्याचा व्यस्त काढताना अपूर्णांक येत नाहीत. मधे ५ आणि २ कर्णावर ठेवायचे, डावीकडे तो चौकोन, उजवीकडे त्याचा व्यस्त, आणि तिघांचा गुणाकार करायचा:

```
१  १     ५  ०      २  -१       ८  -३
१  २  ×  ०  २  ×  -१   १   =   ६  -१
```

बेरीज ७, गुणाकार १०, ताळा जुळला. दिसायला मघाच्या ४, १, २, ३ शी याचा काही संबंध नाही, पण आयगेन व्हॅल्यूज त्याच. असं एक गणित तयार करणाऱ्याला व्हॅल्यू, व्हेक्टर आणि व्यस्त तिन्ही एका दमात वापरावे लागतात. म्हणून सेट दर आठवड्याला ‘मी टाकेन’ हे तिने खोडावं आणि पाळी लावावी. ग्रुपमध्ये पाच जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच रविवार येईल, आणि चौथ्या आठवड्याचा सेट तरी त्याच्याकडे द्यावा जो दोनदा आलेल्या उत्तराला दोन व्हेक्टर शोधत पानं भरत होता.